जुने ग्राहक वगळले की जाहिरात महाग का दिसते?

चिखलीत माझ्या मामेभावाचं ठिबक सिंचनाचं दुकान आहे. नळ्या, फिल्टर, व्हेंचुरी, पाइप, आणि शेतात जाऊन बसवून देणारी दोन माणसं. गेल्या काही वर्षांपासून तो फेसबुकवर जाहिरात करतो. जाहिरातीखाली बटण असतं, ते दाबलं की थेट दुकानाच्या व्हॉट्सअॅपवर मेसेज येतो. फेसबुक दादाला रोज सांगतं की आज इतके मेसेज आले आणि एक मेसेज इतक्या रुपयांना पडला. दादा तो आकडा बघून खूश.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा त्याच्या मोबाइलवरचे ते मेसेज मी सहज वर-खाली करून पाहिले. पहिलाच होता, "भाऊ नळी उंदरानं कुरतडली, माणूस पाठवता का". दुसरा, "फिल्टरची जाळी भेटंल का". तिसरा, "बिल पाठवा अनुदानाच्या फायलीसाठी". हे सगळे त्याचे जुने ग्राहक. नंबर माहीत असूनही ते जाहिरातीवर बोट ठेवून आत आले होते, कारण जाहिरात समोर होती आणि नंबर शोधण्यापेक्षा ते सोपं होतं. दादाने यातल्या प्रत्येक मेसेजचे पैसे मोजले होते.

माझा विषय संख्याशास्त्र, जाहिरात नव्हे. पण या मेसेजमध्ये मला आपल्या कामातला जुना शत्रू दिसला: निवडीचा पूर्वग्रह. म्हणजे आपण ज्यांना मोजतो ते मुळातच वेगळे असतात, आणि तो वेगळेपणा आपण आपल्या उपायाचा परिणाम समजून बसतो. तुम्ही पीएच.डी.ची तयारी करत असाल तर पद्धतीशास्त्राच्या पेपरात हा शब्द येणारच. तो इथे अगदी रुपयांत दिसतो.

आधी जाहिरात कुणाला दिसते ते बघू. तुम्ही फेसबुकला सांगता की चिखली, मेहकर, देऊळगाव राजा या भागात दाखव आणि मला जास्तीत जास्त मेसेज मिळवून दे. त्यानंतर यंत्रणा त्या भागातल्या सगळ्यांना सारखी संधी देत नाही. मेसेज करण्याची शक्यता कुणाची जास्त, याचा ती अंदाज बांधते आणि पैसे तिकडे वळवते. आता सांगा, ठिबकच्या दुकानाला मेसेज करण्याची शक्यता सगळ्यात जास्त कुणाची? ज्याने त्या दुकानाचं पान आधीच लाइक केलंय, ज्याने मागे मेसेज केलेत, ज्याच्या शेतात त्याच दुकानाची नळी पसरलेली आहे, त्याची. यंत्रणा चुकत नाहीये. तिला "मेसेज आण" म्हटलं होतं, "नवा माणूस आण" असं कुणी म्हटलंच नव्हतं.

म्हणून नव्या ग्राहकांसाठीच्या जाहिरातीतून जुन्यांना वगळायचं. हे तिथे करता येतं. `Audiences` मध्ये जाऊन `Customer list` या प्रकाराने आपल्या ग्राहकांचे मोबाइल नंबर चढवायचे आणि जाहिरातीचा प्रेक्षकवर्ग ठरवताना ती यादी `Exclude` मध्ये टाकायची. गुगल अॅड्समध्येही फक्त नव्या ग्राहकांसाठी बोली लावण्याची सोय आहे. बटण दाबायला पाच मिनिटं लागतात. यादी करायला आम्हाला दोन रविवार लागले, आणि खरं काम तेच होतं.

नंबर जुळतात कसे, ते आधी समजून घ्या. तुमच्या यादीतला नंबर हॅश होऊन जातो. हॅश म्हणजे एका ठरावीक सूत्राने नंबराची केलेली अशी लांबलचक खूण, जिच्यावरून सूत्र उलटं फिरवून मूळ नंबर काढता येत नाही. फेसबुक आपल्याकडच्या वापरकर्त्यांच्या नंबरांची तशीच खूण काढतं आणि दोन्ही ताडून बघतं. गंमत अशी की मूळ नंबरात एका अंकाचा किंवा चिन्हाचा फरक असला तरी खूण पूर्ण बदलते. बिलबुकात कुठे नुसते दहा अंक, कुठे पुढे शून्य, कुठे +91, कुठे मधे रेघ. माणसाला हे सगळं एकच वाटतं, हॅशला नाही. फेसबुकला देशाच्या कोडसह नुसते अंक लागतात, म्हणजे 91 आणि पुढे दहा अंक. गुगलला त्याच्याही आधी + हवा असतो. दोघांसाठी एकच फाइल हॅश करून पाठवली तर एकीकडे काहीच जुळणार नाही, आणि त्याचं कारणही कळणार नाही.

मी फेसबुकसाठी एवढंच लिहिलं:

```python
import re

def saaf(n):
    n = re.sub(r"\D", "", n).lstrip("0")
    if len(n) == 10:
        n = "91" + n
    return n if len(n) == 12 else None
```

हॅश करायची गरज पडली नाही, कारण यादी चढवताना ब्राउझरमध्येच ते काम होतं. पण या सहा ओळींत एक चूक लपलेली आहे. पुढे वाचण्याआधी सापडते का बघा.

बुलडाण्याचा एसटीडी कोड 07262. जुन्या बिलांवर काही शेतकऱ्यांनी घरचा लँडलाइन नंबर दिलेला आहे. पुढचा शून्य काढला की उरतं 7262 आणि सहा अंक, म्हणजे बरोबर दहा. माझं फंक्शन त्याला निमूटपणे 91 लावून मोबाइल नंबर करून टाकतं. आणि 7 ने सुरू होणारा मोबाइल नंबर असू शकतो, त्यामुळे कुठल्यातरी अनोळखी माणसाला आपण "जुना ग्राहक" म्हणून वगळतो. संख्येने हे थोडे होते, जाहिरातीवर फारसा परिणाम झाला नसता. पण ही चूक कोणताही एरर न देता होते, म्हणून सांगितली. डेटा स्वच्छ करणाऱ्या कोडची आउटपुट फाइल उघडून त्यातल्या वीस-पंचवीस ओळी मूळ कागदाशी ताडल्याशिवाय पुढे जाऊ नका. मला ही चूक अशीच सापडली.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. शेतकऱ्याने नंबर दिला तो बिलासाठी आणि सर्व्हिससाठी. तो नंबर एका कंपनीच्या यंत्रणेत जुळवणीसाठी चढवणं हे वेगळं काम आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा गाभाच हा आहे की ज्या कामासाठी माहिती घेतली त्या कामापुरतीच ती वापरायची, आणि वेगळं काम असेल तर विचारायचं. आम्ही आधी सगळ्यांना मराठीत एक मेसेज पाठवून विचारलं आणि "हो" म्हणणाऱ्यांचेच नंबर घेतले. यादी त्यामुळे छोटी झाली. हॅश आहे म्हणजे परवानगी नको, असा युक्तिवाद कुणी केला तर मानू नका.

आता अवघड प्रश्न. जुना ग्राहक म्हणायचं कुणाला?

दादाचं उत्तर तयार होतं, "ज्याचं बिल फाटलं तो." पण बिल वडिलांच्या नावावर, नंबर धाकट्या मुलाचा, आणि जाहिरात बघतो थोरला. शिवाय ठिबकला आयुष्य असतं. आठ-नऊ वर्षांपूर्वीच्या नळ्या आता चोकअप झालेल्या, उन्हाने कडक झालेल्या. तो शेतकरी पुन्हा पूर्ण संच घेण्याच्या बेतात असू शकतो. त्याला नव्या संचाच्या जाहिरातीतून वगळणं म्हणजे बाजूच्या दुकानात पाठवणं. तिसरी गुंतागुंत अनुदानाची. ज्या क्षेत्रावर एकदा अनुदान घेतलं त्याच क्षेत्रावर ठरावीक वर्षं उलटल्याशिवाय पुन्हा मिळत नाही. म्हणजे दोन वर्षांपूर्वी संच घेतलेल्याला "अनुदानावर ठिबक" ही जाहिरात दाखवणं वाया. पण त्याच माणसाचा दुसरा गट कोरडा पडलेला असेल तर तो त्या गटापुरता नवाच ग्राहक आहे.

म्हणजे "जुना ग्राहक" हा माणसाचा गुणधर्म नसून माणूस आणि वस्तू यांच्यातलं नातं आहे. आम्ही शेवटी असं ठरवलं: गेल्या सहा वर्षांत ज्याने संच घेतला आणि ज्याच्या सगळ्या ओलिताच्या क्षेत्रावर ठिबक आहे, तो वगळायचा. क्षेत्राची माहिती दुकानातल्या अनुदानाच्या फाइलींत होती. ज्यांनी फक्त चौकशी केली आणि घेतलं नाही, त्यांना मुळीच वगळायचं नाही. ही चूक बरेच जण करतात, मेसेज केलेल्या सगळ्यांनाच जुन्यांच्या खात्यात टाकतात, आणि उद्या घेणारा माणूस गमावून बसतात. सहा वर्षं हा आकडा आमचा अंदाज आहे, दुसऱ्या दुकानाला दुसरा लागेल. तुमच्या प्रबंधात याला कार्यात्मक व्याख्या म्हणतात आणि व्हायवाला पहिला प्रश्न तिच्यावरच येतो.

यादी चढवली. मग दादाला म्हटलं, मागच्या महिन्याशी तुलना करायची नाही. आपल्याकडे मे महिन्यात मान्सूनपूर्व कपाशीची तयारी असते तेव्हा ठिबकची चौकशी आपोआप वाढते, आणि जुलैत पाऊस लागला की आपोआप थांबते. दोन महिने शेजारी ठेवून जाहिरात सुधारली की बिघडली हे सांगताच येणार नाही. म्हणून एकाच वेळी दोन जाहिराती चालवायच्या. चित्र तेच, मजकूर तोच, पैसे तेवढेच. लोकांची विभागणी यंत्रणेनेच चिठ्ठ्या टाकल्यासारखी करायची. `A/B test` हा पर्याय त्यासाठीच आहे. फरक एवढाच की पहिलीत कुणीही वगळलेलं नाही, दुसरीत जुने वगळलेले.

पुढचे आकडे दादाच्या वहीतले नाहीत. गणित डोक्यात करता यावं म्हणून मी ते बनवलेले आहेत, चित्राचा आकार मात्र तोच आहे. समजा तीन महिन्यांत प्रत्येक जाहिरातीवर १२,००० रुपये खर्च झाले. पहिलीवर ३०० मेसेज आले, म्हणजे एक मेसेज ४० रुपयांना. दुसरीवर १८० आले, म्हणजे साधारण ६७ रुपयांना.

दादाचा फोन आला. "अरे, हे काय करून ठेवलं? चाळीसचं सदुसष्ट झालं. सस्तीवाली चालू ठेव अन् महागवाली बंद कर."

स्क्रीनवर जे दिसत होतं त्यावरून त्याचं म्हणणं बरोबर होतं. मी म्हटलं, दादा, दोन्हीचे नंबर बिलबुकाशी ताडून बघू दे. रात्री ते केलं. पहिल्या जाहिरातीच्या ३०० पैकी १९५ जुने निघाले, नवे फक्त १०५. दुसरीच्या १८० पैकी ३० जुने आणि १५० नवे. आता पैसे नव्या माणसांवर वाटा. पहिलीत १२,००० भागिले १०५, म्हणजे सुमारे ११४ रुपये. दुसरीत १२,००० भागिले १५०, म्हणजे ८० रुपये. महागवाली खरं तर स्वस्त होती. भाजक बदलला आणि निकाल उलटला, बाकी काही नाही.

हा फरक नुसत्या योगायोगाने आला असेल का? १५० आणि १०५ यांत ४५ चा फरक. अशा मोजणीच्या आकड्यांत फरकाची प्रमाणित त्रुटी ढोबळमानाने दोन्हींच्या बेरजेच्या वर्गमुळाएवढी धरतात, इथे २५५ चं वर्गमूळ, म्हणजे १६. फरक त्याच्या पावणेतीन पटींहून थोडा जास्त आहे. योगायोग म्हणणं कठीण. हेच एका महिन्याच्या आकड्यांवर केलं असतं, ३५ आणि ५० वर, तर फरक १५ आणि त्रुटी ९ च्या वर, आणि छातीठोकपणे काही बोलता आलं नसतं. म्हणून तीन महिने थांबलो, दादाची कुरकुर ऐकत.

दुसऱ्या जाहिरातीतही ३० जुने कसे घुसले, हा प्रश्न तुम्हाला पडायला हवा. वगळलेले नंबर सगळे जुळतच नाहीत. कुणी फेसबुक दुसऱ्या नंबरावर उघडलेलं, कुणी नुसत्या ईमेलवर, कुणी बायकोच्या मोबाइलवर बघतो, आणि बऱ्याच जणांनी आमच्या "हो का नाही" मेसेजला उत्तरच दिलेलं नाही. शिवाय यादी शिळी होते. आज संच घेतलेला माणूस यादीत नसेल तर उद्याही त्याला तीच जाहिरात दिसते. दादाच्या मुनीमाने दर सोमवारी आठवड्याची बिलं जोडायची, असं ठरलंय. वगळणं नीट चाललंय का हे बघायचं असेल तर याच गळतीवर लक्ष ठेवा: येणाऱ्या मेसेजमध्ये यादीतल्या जुन्या नंबरांचं प्रमाण. ते अचानक वाढलं तर यादी शिळी झालीय किंवा फाइलचा साचा बिघडलाय.

हे चिखलीपुरतं आहे असं वाटू देऊ नका. ईबे या कंपनीत थॉमस ब्लेक, क्रिस नॉस्को आणि स्टीव्हन टाडेलिस यांनी शोध-जाहिरातींवर मोठे क्षेत्रीय प्रयोग केले, आणि तो निबंध २०१५ मध्ये इकॉनोमेट्रिका या नियतकालिकात आला. अमेरिकेतल्या काही भागांत त्यांनी गुगलवरच्या जाहिराती बंदच करून टाकल्या आणि बाकी भागांत चालू ठेवल्या. जे लोक ईबेवर नवे होते किंवा क्वचित यायचे, त्यांच्यावर जाहिरातीचा परिणाम दिसला. जे नेहमी खरेदी करायचे त्यांच्यावर जवळजवळ काहीच नाही, ते तसेही आले असते. आणि जाहिरातीचा बहुतेक खर्च या दुसऱ्या गटावरच होत होता. कंपनीचं नाव टाइप करून शोधणाऱ्यांना दाखवायच्या जाहिराती बंद केल्या तेव्हा तर जवळपास सगळे लोक खालच्या फुकटच्या दुव्यावरून आत आले. तुम्हाला प्रयोगरचनेचा एक नमुना वाचायचा असेल तर हा निबंध घ्या. गणित फार जड नाही.

आता विषयाची दुसरी बाजू. जुन्यांना वगळलं म्हणजे त्यांच्याशी बोलायचंच नाही असं नाही. त्यांना वेगळी जाहिरात दाखवायची, जे त्यांच्याकडे आहे त्याच्या पुढचं देणारी. ठिबक असलेल्याला ठिबक विकू नये. त्याला व्हेंचुरी किंवा खताची टाकी दाखवावी, म्हणजे पाण्यासोबतच विद्राव्य खत देता येईल. विहिरीचं पाणी गढूळ असेल तर जास्तीचा फिल्टर. नळ्यांना पाच-सहा वर्षं झाली असतील तर फक्त नळी बदल, सबमेन तीच.

इथे यादीचे तुकडे पडतात, आणि ते बिलावरूनच पाडायचे. ज्याच्या बिलात व्हेंचुरी आधीच आहे त्याला ती दाखवायची नाही. गेल्या दोन महिन्यांत ज्याने संच घेतला त्यालाही नाही, त्याला वाटेल तेव्हाच का नाही सांगितलं. आणि ज्याची तक्रार वहीत उघडी आहे त्याला तर अजिबात नाही. नळी गळतेय म्हणून आठवडाभर माणसाची वाट बघणाऱ्याला "आता घ्या खताची टाकी" असं दिसलं तर तो काय म्हणेल ते इथे लिहिण्यासारखं नाही. तक्रारवाल्यांची वेगळी यादी काढून तीही `Exclude` मध्ये गेली. मात्र तुकडे फार बारीक करू नका. दीडशे माणसांच्या यादीवर रोज शंभर रुपये खर्च केले तर तीच माणसं तीच जाहिरात दिवसातून अनेकदा बघतात. `Frequency` हा आकडा त्यासाठी असतो, एका माणसाला सरासरी किती वेळा दिसलं ते तो सांगतो.

मोजण्याचा प्रश्न मात्र इथे उलटा होतो. नव्यांच्या जाहिरातीत जुने मिसळून आकडा फुगत होता. इथे तर सगळे जुनेच. त्यांच्यातले काही जण जाहिरात नसती तरी व्हेंचुरी घेणारच होते, शेजाऱ्याकडे बघून, कृषी सहायकाने सांगितलं म्हणून. मग जाहिरातीमुळे किती जणांनी घेतली?

याचं उत्तर एकाच मार्गाने मिळतं: काही जुन्या ग्राहकांना मुद्दाम जाहिरात दाखवायची नाही. समजा १,२०० जण यादीत आहेत. त्यांतले ३०० चिठ्ठ्या टाकून बाजूला काढले, ९०० जणांना जाहिरात. हा आकडाही बनवलेलाच. चिठ्ठ्या खऱ्या टाकायच्या. दादा म्हणत होता की "जे घेणार नाहीत असे तीनशे मी सांगतो", तसं करायचं नाही. दोन महिन्यांनी बिलं बघितली. ९०० पैकी ६३ जणांनी व्हेंचुरी किंवा टाकी घेतली, म्हणजे ७ टक्के. ३०० पैकी १५ जणांनी, म्हणजे ५ टक्के. जाहिरात नसती तर ९०० पैकीही ५ टक्के, म्हणजे ४५ जणांनी घेतलीच असती. जाहिरातीच्या नावावर फक्त १८ जमा होतात. खर्च ६,००० असेल तर विक्रीमागे ९५ रुपये नव्हे, ३३३ रुपये. एका व्हेंचुरीवर सुटणारा नफा याहून कमी असेल तर ही जाहिरात तोट्याची.

इथे एक मोह होतो. ९०० जणांपैकी सगळ्यांनी जाहिरात पाहिलीच नाही, काहींचा नंबर जुळलाच नाही. मग ज्यांनी पाहिली त्यांचीच ३०० शी तुलना करावी असं वाटतं. करू नका. ज्यांनी पाहिली ते फेसबुकवर रोज येणारे, बहुधा तरुण, स्मार्टफोनवाले. बाजूला काढलेल्या ३०० मध्ये सगळ्या प्रकारचे आहेत. चिठ्ठीने जी समानता कमावली ती अशा छाटणीत जाते. ज्याला ज्या गटात टाकलं त्याला त्याच गटात मोजायचं, औषधांच्या चाचण्यांत करतात तसं. परिणाम थोडा पातळ दिसेल, पण खोटा नसेल.

आणि आता ते १८ किती पक्के? ७ आणि ५ यांत २ टक्के-बिंदूंचा फरक. त्याची प्रमाणित त्रुटी काढली तर दीड टक्के-बिंदू येते. म्हणजे खरा फरक उणे एकपासून अधिक पाचपर्यंत कुठेही असू शकतो. जाहिरातीचा उपयोग शून्य असणंही या आकड्यांत बसतं. पाच आणि सात टक्क्यांतला फरक ऐंशी टक्के खात्रीने पकडायचा असेल तर प्रत्येक गटात सुमारे २,२०० माणसं लागतात. चिखलीच्या एका दुकानाकडे एवढे ग्राहक नाहीत.

मी दादाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे दोन महिने घालवून तू सांगतो की काही सांगता येत नाही?" हो, साधारण तसंच. नव्यांच्या जाहिरातीबद्दल मी ठामपणे बोलू शकलो आणि जुन्यांच्या जाहिरातीबद्दल नाही, कारण पहिला परिणाम मोठा आहे आणि दुसरा लहान. त्याला दोन पर्याय दिले. एकतर परिणाम मोठा होईल असं काहीतरी कर, म्हणजे नुसती जाहिरात नको, सोबत बसवणी मोफत दे. नाहीतर हाच प्रयोग हंगामामागून हंगाम चालू ठेव, दर वेळी नवी चिठ्ठी टाकून, आणि आकडे साठव.

त्याने बसवणी मोफत द्यायचं ठरवलंय, रब्बीच्या आधी. बाजूला ठेवलेल्या गटातला कुणी दुकानात येऊन "आम्हाला का नाही सांगितलं" म्हणाला तर काय करायचं, हे त्याने विचारलं. त्यालाही मोफत बसवून दे, म्हटलं, फक्त बिलावर कोपऱ्यात एक खूण कर.